रक्कम म्हणजे पैसे नव्हे

मराठीत आपण ‘रक्कम’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पैसे येतात. रक्कम भरा, रक्कम काढा, रक्कम अदा केली. उर्दूतही तेच. हा शब्द मुळात अरबी आहे, फारसीच्या वाटेने तो आपल्या दप्तरात आला आणि इथलाच झाला. पण ज्या अरबांकडून तो निघाला त्यांच्याकडे आजही त्याचा अर्थ वेगळा आहे. अरबीत ‘रक़म’ म्हणजे आकडा, क्रमांक. टेलिफोनचा रक़म, खोलीचा रक़म, घराचा रक़म. पैशांच्या रकमेला अरबीत ‘मबलग़’ म्हणतात. हा शब्दही आपल्याला परका नाही. जुन्या मोडी कागदांत ‘मबलग रुपये’ असे लिहिलेले सापडते ते हेच.

आता असे समजा, की मक्केत एक माणूस पैसे काढायला यंत्रासमोर उभा आहे. पडद्यावर ओळ येते: أدخل الرقم السري. उच्चार ‘अदख़िल अर्-रक़म अस्-सिर्री’. लहानपणी मदरशात कुरआन शिकलेला, उर्दू शाळेत गेलेला माणूस ही ओळ अडखळत का होईना, वाचून काढतो. ‘अदख़िल’ म्हणजे दाखल करा, ‘रक़म’ म्हणजे रक्कम. झाले, त्याला वाटते यंत्र विचारते आहे की किती पैसे हवेत. खरे तर यंत्र विचारत असते गुप्त क्रमांक, म्हणजे त्याचा पिन.

आज मला एवढ्याच गोष्टीविषयी बोलायचे आहे. परक्या भाषेतला यंत्राचा पडदा समजून कसा घ्यायचा, आणि समजून घेण्याच्या नादात आपल्या कार्डाची माहिती दुसऱ्याच्या हाती कशी जाऊ द्यायची नाही.

भिवंडीत हा प्रश्न घरोघरचा आहे. यंत्रमागाच्या खडखडाटातून चार पैसे बाजूला टाकून लोक उमऱ्याला जातात, हजला जातात, कुणाचा मुलगा जेद्द्याला किंवा दुबईला असतो त्याच्याकडे जातात. पूर्वी पैसे कमरेच्या पट्ट्यात असत. हज कमिटीमार्फत जाणाऱ्याला २१०० रियाल रोख हातात मिळायचे. २०२३ च्या हजपासून ती सक्ती गेली आणि आपापले परकीय चलन घेऊन जायची मोकळीक आली. कुणी रोख नेतो, कुणी बँकेचे परदेशी चलनाचे कार्ड नेतो, कुणी रोजचेच डेबिट कार्ड नेतो. म्हणजे जो माणूस इथे कधी एटीएमच्या वाटेला गेला नाही, मुलाला पाठवून पैसे मागवत राहिला, तोच तिथे साठीच्या वयात एकटा यंत्रासमोर उभा राहतो.

ज्याला अरबी अक्षरच येत नाही तो निदान थांबतो, कुणाला तरी विचारतो. आमच्यासारख्यांची अडचण उलटी आहे. आम्हाला अक्षर येते, शब्द ओळखीचे वाटतात, आणि ओळखीचा वाटलेला शब्दच घात करतो. दोन-तीन शब्द सांगतो, म्हणजे लक्षात येईल.

यंत्रावर الرصيد असे दिसते. उच्चार ‘रसीद’च्या अगदी जवळचा. उर्दूत रसीद म्हणजे पावती. पण ती रसीद ‘सीन’ने लिहितात, ही ‘साद’ने लिहिली आहे. शब्दच वेगळा आहे. यंत्रावरच्या या ‘रसीद’चा अर्थ खात्यातली शिल्लक. पावती हवी म्हणून कुणी हे बटण दाबले, तर पावतीऐवजी शिल्लक मोठ्या अक्षरांत पडद्यावर येते आणि मागच्या रांगेलाही ती दिसते. पावतीला अरबीत إيصال म्हणतात, ‘ईसाल’. ईसाले-सवाबमधला ईसाल, म्हणजे पोहोचवणे. पोहोच म्हणजेच पावती, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

दुसरा शब्द تأكيد, ‘ताकीद’. मराठीत ताकीद दिली म्हणजे दम दिला. यंत्रावर ही ताकीद दिसली की साधा माणूस बिचकतो, काहीतरी चुकले असे त्याला वाटते. यंत्र मात्र एवढेच म्हणत असते, की तुम्ही सांगितले ते पक्के समजू ना? ते ‘पक्के करा’चे बटण आहे. म्हणून घाबरून नव्हे, पण आकडा पुन्हा एकदा वाचून मगच ते दाबावे. त्याच्या शेजारी बहुधा إلغاء असते, ‘इल्ग़ा’. म्हणजे रद्द. हा एक शब्द ज्याला ओळखता आला त्याची निम्मी काळजी मिटली.

शब्द ओळखू आला नाही तर रंग ओळखा. आकड्यांच्या बटणांशेजारी तीन रंगीत बटणे असतात. लाल म्हणजे रद्द, पिवळे म्हणजे टाइप केलेले पुसा, हिरवे म्हणजे पुढे चला. पिवळ्यावर अरबीत مسح लिहिलेले असेल तर तो आमचा वुजूतला ‘मसह’च, ओला हात डोक्यावरून फिरवतात तो. पुसणे. भिवंडीच्या एटीएमवर असते तीच ही रंगांची रीत मक्केतही असते.

आता एक प्रसंग सांगतो. आमच्या निजामपुऱ्यातले एक चाचा, वय साठीच्या पुढे, आयुष्य मागावर गेलेले, उमऱ्याला गेले होते. नाव सांगत नाही, माणूस संकोची आहे. मदिनेत त्यांना हजार रियाल काढायचे होते. कार्ड घातले. पडद्यावर वर सांगितलेली ती ओळ आली, रक़म दाखल करा. चाचांनी १००० टाइप केले. चार आकडे, पडद्यावर चार फुल्या उमटल्या. पिनही चारच आकड्यांचा असतो, त्यामुळे यंत्राला काही वावगे वाटले नाही. कित्येक यंत्रे पिन घेताक्षणी तपासत नाहीत. ती तो बाजूला ठेवतात आणि सगळा व्यवहार भरून झाला की एकदमच बँकेकडे विचारणा करतात. त्यामुळे यंत्र पुढे सरकले. चाचांनी ‘नक़दी’ हा शब्द ओळखून बटण दाबले. मग ओळ आली أدخل المبلغ, म्हणजे किती पैसे हवेत ते सांगा. चाचांनी विचार केला, पैसे तर मघाशीच सांगितले, आता हा पिन विचारत असणार. त्यांनी तिथे पिन टाइप केला.

इथे फरक असा, की पिनच्या जागी फुल्या दिसतात, पण पैशांच्या जागी आकडे उघडे दिसतात. चाचांचा पिन यंत्राच्या पडद्यावर ठसठशीत उमटला. यंत्राने वर एक ओळ दाखवली, की रक्कम ५० च्या पटीत हवी. चाचांना ती कळेना. त्यांनी खिशातून फोन काढला, पडद्याचा फोटो घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: ‘ये क्या बोल रहा है, कोई बताओ.’

ग्रुपमध्ये साठेक माणसे. भाऊ, पुतणे, जावई, जावयांचे भाऊ, दोन शेजारी. फोटो माझ्याकडेही आला. त्यात काय दिसत होते ते क्रमाने सांगतो. पडद्याच्या मधोमध चार उघडे आकडे. खालच्या कोपऱ्यात बँकेचे नाव. बाजूला कार्डाची फट, आणि यंत्राच्या कडेवर चाचांचे दुसरे, क्रेडिट कार्ड ठेवलेले. कार्डावरचे सोळा आकडे, मुदतीची तारीख, नाव, सगळे वाचता येत होते. चाचांनी दाखवायला घेतली होती एक ओळ, आणि दाखवली गेली ती सारी तिजोरी.

मी ग्रुपवर काही लिहिले नाही. चाचांच्या मुलाला फोन केला आणि म्हटले, आधी अब्बांना सांग लाल बटण दाबा आणि कार्ड काढून घ्या. मग फोटो ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला सांग. मग ते चार आकडे कशाचे आहेत ते विचार. उत्तर आले, पिनचे. म्हटले, तर मग आजच पिन बदल. बँकेच्या अ‍ॅपवरून घरबसल्या तो बदलता आला. दुसरे कार्ड बँकेला फोन करून बंद करवले, नवे मागवले. पैसे गेले नाहीत. पण गेले असते तर ते कुठून गेले हे घरात कुणालाच कळले नसते.

दोन्ही कार्डांचा धोका वेगवेगळा होता, ते समजून घ्या. नुसता पिन कळून पैसे निघत नाहीत, त्यासाठी कार्ड हातात लागते. हरमच्या गर्दीत पाकीट मारले गेले तर मात्र पिन कळलेले कार्ड म्हणजे रोख पैसेच. कार्डाच्या सोळा आकड्यांची गोष्ट निराळी. त्यांना पिन लागत नाही आणि कार्डही लागत नाही. आपल्या देशात इंटरनेटवर खरेदी करताना फोनवर ओटीपी येतो, म्हणून आपण निश्चिंत असतो. परदेशातल्या अनेक संकेतस्थळांवर ओटीपी विचारतच नाहीत. क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे पुरतात, आणि काही ठिकाणी ते तीन आकडेही मागत नाहीत.

याच प्रसंगातून फोटोचा पहिला नियम निघतो. फोटो घ्यायचाच असेल तर कार्ड यंत्रात घालण्यापूर्वी घ्या, किंवा कार्ड बाहेर येऊन पाकिटात गेल्यावर घ्या. मधल्या वेळेत घेऊ नका. कार्ड घालण्यापूर्वी पडद्यावर तुमचे असे काहीच नसते, ती यंत्राची स्वतःची पाटी असते. कार्ड आत गेल्यापासून मात्र पडद्यावर नाव, शिल्लक, खात्याचे शेवटचे आकडे, टाइप केलेली रक्कम, यांपैकी काहीही येऊ शकते. शिवाय यंत्राला घड्याळ असते. काही क्षण बटण दाबले नाही, तर ते व्यवहार रद्द करते, आणि बाहेर काढलेले कार्ड तुम्ही वेळेत ओढले नाही तर काही यंत्रे ते आत गिळतात. फोटो पाठवून उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ तिथे नसतोच. कळले नाही की लाल बटण, कार्ड खिशात, मग विचारपूस. व्यवहार पुन्हा सुरू करता येतो.

आणि खरे म्हणजे पहिल्या पाटीवरच निम्मे काम होते. तिथे भाषा निवडण्याचे बटण असते. इंग्रजीचे बटण अरबीत नव्हे, इंग्रजीतच लिहिलेले असते: English. इंग्रजी न येणाऱ्या माणसालाही आपल्या एटीएमवरचे ते चार-पाच शब्द पाहून माहीत असतात. कधी कधी विचारल्याशिवायच यंत्र भाषा निवडते. कारण कार्डाच्या सोनेरी चिपमध्ये बँकेने पसंतीच्या भाषांची छोटी यादी नोंदवलेली असू शकते. त्या यादीतली भाषा यंत्राला येत असेल तर ते ती लावते, नसेल तर आपली घरची भाषा बोलते. म्हणून शेजाऱ्याला इंग्रजी पडदा आला आणि तुम्हाला अरबी आला, तर कार्डात काही दोष आहे असे समजू नका.

आता कॅमेऱ्याने भाषांतर करणाऱ्या अ‍ॅपविषयी. फोन पाटीसमोर धरला की अरबी अक्षरांच्या जागी मराठी किंवा हिंदी अक्षरे दिसू लागतात. गूगलच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये अरबीसाठी ही सोय २०१९ पासून आहे. ती वापरावी, पण तीन गोष्टी सांभाळून. पहिली, निघण्याआधी घरीच अरबीचा आणि मराठीचा भाषासंच फोनमध्ये उतरवून घ्या. मग फोनचे इंटरनेट बंद ठेवूनही भाषांतर होते आणि तुमच्या पडद्याचे चित्र फोनबाहेर जात नाही. दुसरी, फोन नुसता समोर धरून वाचा, फोटो टिपू नका. टिपलेला फोटो गॅलरीत जातो, गॅलरीतून आपोआप इंटरनेटवरच्या साठ्यात जातो, आणि मुलाने कधी काळी चालू करून दिलेल्या त्या साठ्यात आणखी कोण डोकावते हे आपल्याला माहीत नसते.

तिसरी गोष्ट भाषेची आहे. अ‍ॅप शब्दाला शब्द देते, प्रसंग ओळखत नाही. सौदीत दुकानांच्या कार्डयंत्रांवर आणि एटीएमवर مدى असे चिन्ह दिसते, ‘मदा’. हे तिथल्या कार्डव्यवहारांच्या राष्ट्रीय जाळ्याचे नाव आहे, आपल्याकडे रुपे असते तसे. पण ‘मदा’ या शब्दाचा कोशातला अर्थ पल्ला, आवाका. अ‍ॅप तुम्हाला पडद्यावर ‘पल्ला’ दाखवील आणि तुम्ही डोके खाजवाल. तसेच दुकानदार विचारतो ‘शबका?’ शबका म्हणजे जाळे. त्याला विचारायचे असते, की पैसे कार्डाने देणार का? तेव्हा अ‍ॅपने दिलेला शब्द अर्थाशी जुळत नसेल तर तो पैशांच्या व्यवहारात कुठे बसतो ते पाहा, आणि बसत नसेल तर बटण दाबू नका.

आकड्यांचाही एक सापळा आहे, आणि तो उर्दू न येणाऱ्यांसाठी जास्त मोठा आहे. अरबी लिपीत शून्य म्हणजे नुसता ठिपका: ٠. आणि पाच म्हणजे वाटोळे: ٥. आपल्या डोळ्याला ते शून्य वाटते. सहा हा ٦ असा काढतात, तो इंग्रजी सातसारखा दिसतो. पावतीवर ١٥٠ लिहिलेले असेल तर ते दीडशे आहेत. उर्दू वाचणारा ठिपक्याला शून्य म्हणून ओळखतो, पण उर्दूतला पाच बदामासारखा असतो, त्यामुळे वाटोळे पाहून तोही क्षणभर थबकतो. आकडे मात्र अरबीतही डावीकडूनच वाचायचे, उजवीकडून नव्हे.

फोटो दुसऱ्याला पाठवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर काय करावे? उर्दू येणाऱ्याला माझे सांगणे असे, की फोटो पाठवूच नका. तुम्हाला अक्षर वाचता येते ना? मग कार्ड खिशात टाकून फोन लावा आणि लक्षात राहिलेली ओळ वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, आणि आवाजातून सोळा आकडे जात नाहीत. फक्त आकडे वाचू नका.

ज्याला अक्षर येत नाही त्याने फोन जवळ नेऊन फक्त ती ओळ चौकटीत घ्यावी. बटणे, फट, हात, पावती, ठेवलेले कार्ड, काही नको. ग्रुपवर नाही, एकाच माणसाला पाठवावी. पाठवण्याआधी फोटो बोटांनी मोठा करून चारही कोपरे पाहावेत. आकडा झाकायचा असेल तर फोनमधल्या फिकट मार्करने गिरवू नये. तो रंग पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचे आकडे पुन्हा दिसतात. भरीव काळी चौकट ठेवावी. कापाकापीवरही पूर्ण विसंबू नये. मार्च २०२३ मध्ये असे उघड झाले, की गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या चित्र कापण्याच्या साधनात एक दोष होता. त्यातून कापून टाकलेला भाग काही वेळा पुन्हा मिळवता येत होता, आणि हे काही वर्षे चालले होते. तो दोष दुरुस्त झाला. धडा असा, की नको ते आधी चौकटीतच येऊ देऊ नये.

दुकानातल्या कार्डयंत्रावर तर कधी कधी फोटोच्या आधी पैसे जातात, तेही आपल्याच संमतीने. बिल हजार रियालचे आहे. कार्ड लावल्यावर पडद्यावर दोन पर्याय येतात, एक SAR म्हणजे सौदी रियाल, दुसरा INR म्हणजे आपला रुपया. अरबीत चलनाला عملة म्हणतात, ‘उमला’. उर्दूत याच अक्षरांचा ‘अमला’ होतो आणि त्याचा अर्थ कचेरीतला नोकरवर्ग, म्हणून तो शब्द पाहून उर्दूवाल्याला काहीच उलगडत नाही. तो रुपया पाहतो, आपला वाटतो, दाबतो.

तिथे काय घडते ते हिशेबाने पाहू. १९८६ पासून सौदी रियाल डॉलरशी बांधलेला आहे, एका डॉलरला पावणेचार रियाल. म्हणून डॉलरचा भाव पावणेचारने भागला की रियालचा भाव निघतो. हिशेबाच्या सोयीसाठी डॉलर ९० रुपये धरला तर रियाल २४ रुपये पडतो. हजार रियालचे २४,००० झाले. रियाल निवडला, आणि आपल्या बँकेने परकीय चलनाचे शुल्क साडेतीन टक्के लावले, तर करासह ते सुमारे हजार रुपये होते. एकूण २५,००० च्या आसपास. रुपया निवडला तर भाव तिथले यंत्र ठरवते. त्याने सात टक्के चढवले तर २५,६८० झाले. त्यावर आपली बँक काही शुल्क लावतेच, ते वेगळे. कार्डात रियालच भरून नेलेले असतील तर हे आणखी उफराटे. रियालचे रुपये करायचे आणि रुपयांचे पुन्हा रियाल. म्हणून नियम सोपा: ज्या देशात उभे आहात त्या देशाचे चलन निवडा. हा पर्याय ग्राहकाने निवडायचा असतो, असाच कार्ड कंपन्यांचा नियम आहे. दुकानदाराने परस्पर बटण दाबले तर व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगता येते. आणि या पडद्याचा फोटो घेणे त्यातल्या त्यात निर्धोक, कारण इथे दोन रकमाच असतात. फक्त कार्ड चौकटीबाहेर ठेवा.

घर सोडण्यापूर्वी एक काम मात्र अवश्य करा. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये आदेश काढला, की नवी कार्डे मुळात देशातल्या वापरापुरतीच चालू असावीत आणि परदेशातला वापर ग्राहकाने मागितला तरच सुरू व्हावा. त्यामुळे बँकेच्या अ‍ॅपमध्ये वेगवेगळी बटणे मिळतात. परदेशी एटीएम, परदेशी दुकान, परदेशी ऑनलाइन. पहिली दोन चालू करा, तिसरे बंद ठेवा. चाचांच्या क्रेडिट कार्डाचे ते तिसरे बटण बंद असते, तर ग्रुपवर गेलेले सोळा आकडे परदेशातल्या संकेतस्थळावर बहुतेक निरुपयोगीच ठरले असते. परत आल्यावर तिन्ही बंद करा.

आणि तरीही एखादा फोटो गेलाच, तर लाजेपोटी वेळ घालवू नका. फोटो डिलीट करा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण काहींच्या फोनच्या गॅलरीत तो शिल्लक राहू शकतो. पिन दिसला असेल तर पिन बदला. सोळा आकडे दिसले असतील तर पिन बदलून उपयोग नाही, कार्डच बंद करून नवे घ्या. बँकेला सांगितल्याची वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकातले सूत्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे: ग्राहकाने स्वतःच आपली गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे इथे तासाला किंमत आहे.

उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या पिशवीत आपण दुआंची पुस्तिका ठेवतो, औषधांची चिठ्ठी ठेवतो. तिच्याजवळच आणखी एक कागद ठेवा. त्यावर ठळक अक्षरांत पाच शब्द लिहा. الرقم السري म्हणजे पिन, फुल्या दिसतील. المبلغ म्हणजे पैसे, आकडे उघडे दिसतील. الرصيد म्हणजे शिल्लक. إيصال म्हणजे पावती. إلغاء म्हणजे रद्द, लाल बटण. कागदावर पिन लिहू नका. हा कागद हरवला तरी कुणाच्या हाती काही लागणार नाही.